पॉडकास्टच्या सांध्यावर «टक» वाजतं, गाजेला भोक पडतं आणि म्युझिक «नमस्कार» गिळतं: फोनवरच केलेली दुरुस्ती

माझ्या पॉडकास्टचा रापणीवरचा भाग ऐकून आबांनी फोन केला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. आबा म्हणजे त्या भागातले पाहुणे, उभं आयुष्य मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यात गेलेलं. मला वाटलं, कौतुक करतील. ते म्हणाले, "मी सांगलंय ता सगळा बरा ऐकाक येता. पण मधीच दर्यो कोणी बंद केल्यान?"

मी इअरफोन लावून परत ऐकलं. आबांचं बरोबर होतं. वाक्य संपलं की मागची समुद्राची गाज विझत जायची, अर्धा सेकंद संपूर्ण शांतता, मग पुढच्या वाक्याबरोबर ती परत फुगायची. त्याशिवाय चार-पाच ठिकाणी बारीक «टक» वाजत होतं, आणि सुरुवातीला पखवाजाने माझ्या «नमस्कार»मधला «नम» खाऊन टाकला होता. हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. प्रत्येक भागात यातलं काहीतरी राहायचंच. मी एक दुरुस्त करायला जायची आणि त्यातून दुसरं निघायचं. म्हणून या वेळी बसून प्रत्येक दोषाचं कारण वेगळं काढलं.

साहित्य साधंच आहे. अँड्रॉइड फोन, दोन-तीन ट्रॅक एकाखाली एक ठेवता येतील असं कुठलंही एडिटिंग ॲप आणि वायरचे इअरफोन. तुकडे चार होते: माझं निवेदन, घरात पंखा बंद करून केलेलं. आबांचं बोलणं, सकाळी रापण ओढताना पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत. आबांचंच बोलणं, संध्याकाळी त्यांच्या पडवीत. आणि मुंबईच्या मावसभावाने पाठवलेली व्हॉइस नोट.

आधी कान, मग बोट

सांध्यावर तीन वेगवेगळे दोष येतात. आपण सगळ्यांना ढोबळपणे «कट नीट झाला नाही» म्हणतो आणि एकच औषध लावतो: फेड, म्हणजे आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं. माझं तिथेच चुकत होतं. सांध्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन सेकंद आवाज वाढवून पाच-सहा वेळा ऐका. सुईच्या टोकाएवढा, एका क्षणाचा ठोका ऐकू आला तर ते «टक». मागचा आवाज नाहीसा होऊन परत आला तर ते «भोक». मागचा आवाज नाहीसा न होता एकदम बदलला, म्हणजे समुद्र होता आणि क्षणात पंखा झाला, तर ती «पायरी». ही नावं माझी घरगुती आहेत, पण तिघांची कारणं वेगळी आहेत. टकला अगदी छोटा फेड लागतो, भोकाला नुसता फेड नाही तर ओव्हरलॅप लागतो, म्हणजे दोन तुकडे थोडे एकमेकांवर चढवावे लागतात, आणि पायरी कधीकधी लपतच नाही.

टक

ॲपमध्ये दोन बोटांनी झूम करत गेलात की आवाजाची जाड पट्टी हळूहळू एका वळणदार रेषेत बदलते. मधल्या आडव्या रेषेच्या वर-खाली जाणारी ती लाट म्हणजे प्रत्यक्ष आवाज. आपण कट मारतो तेव्हा ही लाट कुठेतरी वर असताना तोडली जाते आणि पुढच्या तुकड्याची लाट कुठेतरी खालून सुरू होते. स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात वरून खाली उडी मारावी लागते. त्या उडीचा आवाज म्हणजे टक. घरात शांत जागी कट मारला तर लाट मधल्या रेषेजवळच असते, म्हणून टक येत नाही. पुळणीवर मात्र गाज कायम चालू असल्यामुळे लाट कधीच स्वस्थ नसते. माझ्या निवेदनात टक नाही आणि आबांच्या बोलण्यात आहे, याचं कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. मी माइकला दोष देत बसले होते.

उपाय असा की तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला 10 ते 20 मिलिसेकंदांचा फेड द्यायचा, म्हणजे सेकंदाचा शंभरावा-पन्नासावा भाग. एवढा फेड कानाला फेड म्हणून कळत नाही, फक्त टक जातं. अडचण अशी की फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्ये फेडची सर्वांत छोटी पायरी 0.1 सेकंदाची असते. शब्द थेट तुकड्याच्या काठावर सुरू होत असेल तर हा 0.1 सेकंद शब्दाचं पहिलं अक्षर बोथट करतो. आबांच्या «पेडवे»मधला «प» असाच गेला आणि ऐकणाऱ्याला «एडवे» ऐकू यायला लागलं. प, त, क, ट ही अक्षरं म्हणजे क्षणभराचा स्फोट असतो. तो फेडमध्ये सापडला की संपला. म्हणून कट शब्दाला चिकटून मारू नका. शब्दाच्या आधी 0.2 सेकंद मोकळी गाज शिल्लक ठेवा आणि फेड तिच्यावर पडू द्या.

फेड देऊनही टक राहिलं तर कारण दुसरं आहे. झूम करून पाहा. सांध्यावर अगदी बारीक सपाट रेघ दिसली तर बहुतेक तुम्ही प्रत्येक तुकडा एमपीथ्री करून मग जोडताय. एमपीथ्री आवाज सलग साठवत नाही, ठरावीक डब्यांत भरते. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या सँपल रेटला एक डबा साधारण 26 मिलिसेकंदांचा होतो. शिवाय फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी ती थोडी शांतता चिकटवते. एकच फाइल ऐकताना कळत नाही, पण चार एमपीथ्री एकापुढे एक लावल्या की प्रत्येक सांध्याला तेवढी फट पडते. त्यामुळे काम संपेपर्यंत सगळं वेव्ह फाइलमध्ये ठेवा आणि एमपीथ्री अगदी शेवटी एकदाच करा. मोनो वेव्हला मिनिटाला पाच एमबीच्या थोडं वर जागा लागते, म्हणजे वीस मिनिटांच्या भागाला शंभरेक एमबी. फोन भरलेला असेल तर आधी लग्नाचे व्हिडिओ हलवा.

एक गोष्ट याच घोळात कळली. मी ब्लूटूथ इअरफोनवर एडिट करत होते. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाचा असू शकतो, काही इअरफोनमध्ये आणखी जास्त. कानाला शब्द संपल्यासारखा वाटतो तेव्हा पडद्यावरची रेघ पुढे गेलेली असते. मी ऐकून कट मारायची आणि तो दर वेळी पुढच्या शब्दाच्या कानफटात बसायचा. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण तिथे फोन चित्रच थोडं मागे ठेवून जुळवून घेतो. एडिटिंगला वायरचाच इअरफोन घ्या.

भोक

आबांनी पकडलेला दोष हा. आणि तो मी स्वतःच तयार केला होता, टक घालवायच्या नादात. टक जावं म्हणून मी प्रत्येक तुकड्याला शेवटी एक सेकंदाचा फेड आऊट आणि पुढच्याला एक सेकंदाचा फेड इन दिला आणि दोन्ही तुकडे एकाच ट्रॅकवर टोकाला टोक लावून ठेवले. आता गणित बघा. पहिला तुकडा शून्यावर येऊन संपतो, दुसरा शून्यावरून सुरू होतो. म्हणजे सांध्याच्या जागी दोघांचाही आवाज शून्य. बोलण्याच्या मधे शांतता असते तिथे हे चालतं, पण मागे समुद्र असेल तर तो दोन सेकंदांत बुडून वर येतो.

इथे हवा क्रॉसफेड. त्यात दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. एक उतरत असतो त्याच वेळी दुसरा चढत असतो. त्यासाठी दोन ट्रॅक लागतात आणि दोन्ही तुकड्यांना मोकळ्या गाजेचं शेपूट लागतं. बोलणं एकमेकांवर चढता कामा नये, फक्त पार्श्वभूमी चढायची. शेपूट नसेल तर एडिटिंगमध्ये ते आणणार कुठून? म्हणून आता रेकॉर्डिंग थांबवायच्या आधी मी मनात तीन आकडे मोजते आणि मगच लाल बटण दाबते.

रापणीच्या भागात पुळण ते पडवी हा सांधा असा बसवला. पुळणीवर आबांचा शेवटचा शब्द 6 मिनिटं 41 सेकंदांना संपतो. तो तुकडा 6:43.5 पर्यंत चालू ठेवला, म्हणजे अडीच सेकंद नुसती गाज. पडवीचा तुकडा खालच्या ट्रॅकवर 6:42 ला सुरू केला आणि त्यातला पहिला शब्द दोन सेकंदांनी, म्हणजे 6:44 ला येतो असं ठेवलं. 6:42 ते 6:43.5 हा दीड सेकंद दोन्ही तुकडे एकत्र वाजतात. वरच्याला तेवढाच फेड आऊट, खालच्याला तेवढाच फेड इन. ऐकताना समुद्र मागे सरकत जातो आणि पडवीतले रातकिडे पुढे येतात. दोन वाक्यांच्या मधे तीन सेकंद जातात. कागदावर खूप वाटतात, पण जागा बदलतेय हे कानाला कळायला तेवढे लागतात. एकाच तुकड्यातला खोकला किंवा «काय म्हणतात त्येका» काढायचं असेल तर इतका वेळ लागत नाही. तिथे 0.3 सेकंदांचा ओव्हरलॅप पुरतो.

ॲपमध्ये फेडच्या रेषेचा आकार निवडता येत असेल तर सरळ रेषा घेऊ नका. सरळ रेषेत मध्यावर दोन्ही तुकडे निम्म्यावर असतात. दोन निम्मे मिळून पूर्ण होतील असं वाटतं, पण दोन वेगवेगळ्या वेळच्या गाजा एकमेकींशी जुळलेल्या नसतात, त्यामुळे बेरीज पूर्ण होत नाही आणि मध्यावर आवाज सुमारे 3 डेसिबलने खाली जातो. पूर्ण भोक नाही, पण खळगा पडतो. वर फुगीर असलेली वक्ररेषा घेतली की तो भरून निघतो. रेषा निवडायची सोय नसेल तर ओव्हरलॅप थोडा वाढवा, खळगा जाणवत नाही.

ज्यांच्या ॲपमध्ये दुसरा ट्रॅकच नाही त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. अँड्रॉइडवर टर्मक्स हे कमांड लिहून चालवायचं ॲप घ्या, `pkg install ffmpeg` ही कमांड टाका आणि दोन्ही वेव्ह फाइल ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथे जाऊन एवढंच लिहा:

```
ffmpeg -i pulan.wav -i padvi.wav -filter_complex "acrossfade=d=1.5:c1=qsin:c2=qsin" jod.wav
```

`d` म्हणजे ओव्हरलॅपचे सेकंद आणि `qsin` म्हणजे तीच फुगीर रेषा. ही कमांड पहिल्या फाइलचा शेवटचा दीड सेकंद आणि दुसरीचा पहिला दीड सेकंद एकमेकांवर चढवते. त्यामुळे तेवढ्या जागेत बोलणं नाही ना, हे आधी ऐकून घ्या. फोनच्या मेमरीतल्या फाइल दिसत नसतील तर एकदा `termux-setup-storage` चालवून परवानगी द्यावी लागते.

गाजेचं स्वतःचं एक दुखणं आहे. ती पंख्यासारखी एकसुरी नसते. लाट येते, फुटते, फेस चळचळत मागे जातो, मग थोडी उसंत. तुम्ही एक कट लाट फुटताना आणि दुसरा फेस मागे जाताना मारला तर क्रॉसफेड कितीही चांगला असो, समुद्राने मधेच विचार बदलला असं वाटतं. दोन्ही कट लाटेच्या एकाच टप्प्यावर मारा. मला फेस मागे जातानाचा टप्पा सोपा पडतो. आणि प्रत्येक जागी बोलणं सुरू होण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती गाज रेकॉर्ड करा. जिथे शेपूट कमी पडेल तिथे हा तुकडा तिसऱ्या ट्रॅकवर खाली अंथरता येतो. दहा सेकंदांचा तुकडा घेऊन तो पुन्हा पुन्हा लावू नका. तीच लाट तिसऱ्यांदा फुटली की ऐकणारा ओळखतो. आबा तर पहिल्यांदाच ओळखतील.

एक दोष कुठल्याच फेडने जात नाही. फोनचं साधं रेकॉर्डर ॲप बोलणं थांबलं की आवाज आपोआप वाढवतं आणि बोलणं सुरू झालं की कमी करतं. त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर गाज धापा टाकल्यासारखी वर येते. सांधा नसलेल्या जागी, सलग रेकॉर्डिंगमध्ये हे ऐकू आलं तर दोष कटमध्ये नाही, रेकॉर्डिंगमध्येच आहे. पुढच्या वेळी ज्यात गेन, म्हणजे माइक आवाज किती पकडतो ती पातळी, हाताने ठरवता येतो असं रेकॉर्डिंग ॲप वापरा. आत्ताच्या भागापुरतं आहे तसं चालवून घ्या.

म्युझिक «नमस्कार» गिळतं

आमचं इंट्रो म्युझिक म्हणजे गावच्या भजनी मंडळाचा पखवाज आणि पेटी. त्यांना विचारून, आम्हीच रेकॉर्ड केलेलं. हे मुद्दाम सांगते, कारण सिनेमातल्या गाण्याचे दहा सेकंद वापरले तर चालतात असं खूप जण छातीठोकपणे सांगतात. असा कुठलाही सेकंदांचा नियम कायद्यात नाही. भजनी मंडळ नसेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं, फक्त प्रत्येक तुकड्याची अट वाचून घ्या. काहींना श्रेय द्यावं लागतं.

माझी चूक वेळेची होती. बोलणं जिथे सुरू होतं तिथूनच मी म्युझिक उतरवायला सुरुवात केली होती. फेड दोन सेकंदांचा. म्हणजे «नमस्कार» बोलून होईपर्यंत पखवाज निम्म्याच्या वरच वाजत होता. म्युझिक बोलण्याच्या आधी उतरायला हवं. आता असं आहे: पहिले सात सेकंद म्युझिक एकटं, पूर्ण आवाजात. सातव्याला उतरायला लागतं, साडेआठव्याला खाली बसतं आणि नवव्या सेकंदाला मी «नमस्कार» म्हणते. पुढे दहा-बारा सेकंद ते माझ्या आवाजाखाली हलकेच चालू राहतं आणि मग जातं.

खाली म्हणजे किती? माझ्या आवाजापेक्षा 18 ते 20 डेसिबल खाली. ॲपमध्ये डेसिबल नसून शंभराची पट्टी असेल तर फसायला होतं. 50 वर आणलं म्हणजे आवाज खूप कमी झाला असं वाटतं, पण पट्टी सरळ हिशोबाची असेल तर तो फक्त 6 डेसिबलने उतरतो. 20 डेसिबलसाठी पट्टी 10 पर्यंत आणावी लागते. प्रत्येक ॲपची पट्टी सारखी नसते, म्हणून 10 वरून सुरुवात करा आणि कानाने ठरवा.

तो कान मात्र फोनच्या स्पीकरचा नको. इथे मी एकदा चांगलीच फसले. फोनच्या बारक्या स्पीकरमधून पखवाजाच्या डाव्या बाजूचा जाड घुमारा ऐकूच येत नाही, फक्त उजव्या बाजूची चाट ऐकू येते. म्हणून मला म्युझिक कमी वाटलं आणि मी वाढवत गेले. भावाने गाडीत लावलं तेव्हा डाव्या पुडीने माझं अख्खं निवेदन दणाणून सोडलं. पातळी इअरफोनवर ठरवा. फोनच्या स्पीकरवर एकदाच ऐका, तेही म्युझिकसाठी नाही, शब्द स्पष्ट येतात का एवढ्यासाठी.

शेवटचा फेड कुठे संपवायचा हे मला भजनी मंडळाच्या पखवाजवाल्या काकांनी शिकवलं. मी ते वाक्याच्या मधे कुठेही विझवत होते. ऐकून ते म्हणाले, "गो, समेर सोड तेका." सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा. आमचा ठेका आठ मात्रांचा आणि लय मिनिटाला 160 मात्रांची, म्हणजे एक आवर्तन, ठेक्याचा एक पूर्ण फेरा, बरोबर तीन सेकंदांचं. आता मी फेड समेवर सुरू करते आणि पुढच्या समेवर संपवते, आणि माझं वाक्य त्याच सुमारास संपेल अशी म्युझिकची पट्टी मागेपुढे सरकवते. तुमच्या म्युझिकला ठेका असेल तर एक आवर्तन किती सेकंदांचं आहे ते मोजा आणि फेड तेवढाच ठेवा.

जी पायरी लपली नाही

मावसभावाची व्हॉइस नोट उरली. त्याच्या मागे पंखा, कुकरची शिट्टी आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. आधी मी त्याच्या तुकड्यातला पंखा नॉइज रिडक्शनने काढला. त्याने पायरी आणखी उंच झाली, कारण आता एका बाजूला रातकिडे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मग पडवीचा मोकळा आवाज त्याच्याखाली अंथरून पाहिला. तो कांदिवलीहून बोलतोय आणि मागे रातकिडे किरकिरतायत, हे त्याहून विचित्र वाटलं.

शेवटी दोन्ही उपाय काढून टाकले. पडवीचा आवाज दोन सेकंदांत विझवला, तिथे पखवाजाचं एकच आवर्तन टाकलं, मग मी एक वाक्य बोलते, «आता मुंबईहून», आणि त्याची नोट पंख्यासकट, कुकरसकट सुरू होते. भाग परत चढवून आबांना पाठवला. त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं, "दर्यो आता बरो वाजता. पण ता कुकर कोणाचा?"